‘थांब जरा देवा’: दोन भाषांतल्या एका अभंगाची बांधणी

मार्चमध्ये न्यू जर्सीतल्या एका मराठी मंडळाच्या ताईंचा फोन आला. आषाढी एकादशीनंतरच्या शनिवारी त्यांच्याकडे छोटी दिंडी निघते. त्या दिवशी तेरा ते अठरा वयाच्या अकरा मुलामुलींना एक अभंग म्हणायचा होता. मुलं तिथेच जन्मलेली. घरात मराठी ऐकतात, उत्तर इंग्रजीत देतात. ताईंची मागणी अगदी नेमकी होती : “दादा, एक ओळ मराठी, लगेच तिचं इंग्रजी, परत मराठी, परत इंग्रजी. म्हणजे पोरांना कळत तरी जाईल काय म्हणतोय ते.”

मी ठाण्यात राहतो. घराच्या एका खोलीत गाद्या आणि जाड पडदे लावून रेकॉर्डिंगची सोय केलेली आहे, आणि तिथे संगीत संयोजनाची कामं करतो. मागणी सरळ वाटली म्हणून हो म्हटलं. ती तशीच्या तशी पुरी केली आणि गाणं पडलं. ते कुठे पडलं, कशावरून कळलं आणि दुसऱ्यांदा काय वेगळं केलं, ते इथे लिहितो.

पहिला आराखडा असा होता. मोठ्या अभंगाचा साचा सगळ्यांना ठाऊक आहे : सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त मराठी शिक्षकांनी (आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो) नवा अभंग लिहून दिला, संतांच्या भाषेच्या जवळ जाणारा. त्यात कर होते, कटी होती, चरण होते, कृपा होती. मी प्रत्येक चरणाखाली त्याच चालीत बसणारी इंग्रजी ओळ लिहिली. मार्गदर्शक ट्रॅक पाठवला. मुलांनी इयरफोन लावून फोनवर आपापला आवाज रेकॉर्ड केला आणि अकरा फाइली आल्या.

इथे एक सांगून टाकतो, कारण दरवेळी कोणीतरी विचारतं. सगळ्यांनी व्हिडिओ कॉलवर एकत्र का नाही म्हणायचं? आवाजाला तिकडून इकडे यायलाच सेकंदाचा दहावा भाग लागतो, बऱ्याचदा जास्त. तेवढ्या उशिरात टाळसुद्धा एकत्र पडत नाही, अभंग तर दूरच. कॉल शिकवण्यापुरता. त्यांच्या रविवारी सकाळी साडेदहाला आमचे रात्रीचे आठ वाजतात, ती वेळ आम्ही धरली होती.

अकरा फाइली स्क्रीनवर एकाखाली एक लावल्या आणि ऐकण्याआधीच गोम दिसली. आवाजाची जी आकृती पडद्यावर उमटते ती इंग्रजी ओळींवर जाड आणि मराठी ओळींवर बारीक होती. एखाददुसऱ्याची नव्हे, अकरापैकी नऊ जणांची. ऐकल्यावर खात्री पटली. मराठी ओळ आली की मुलं पुटपुटत होती, शेवटचं अक्षर गिळत होती आणि इंग्रजी ओळीची वाट बघत होती. पुढच्या क्षणी अर्थ आयता मिळणार असेल तर आधीच्या ओळीकडे कान देण्याचं कारणच उरत नाही. परदेशी सिनेमा खालच्या अक्षरांवर बघताना आपण तरी संवाद कुठे ऐकतो?

दुसरा तोटा लांबीचा. प्रत्येक गोष्ट दोनदा सांगितल्यामुळे गाणं सात मिनिटांवर गेलं होतं, आणि गोष्ट मात्र पुढे सरकतच नव्हती.

मग मी उलट्या बाजूने सुरुवात केली. या मुलांना मराठी ‘येत नाही’ असं सगळे म्हणत होते, पण त्यांना नेमकी कोणती मराठी येते हे कोणी तपासलं नव्हतं. चाळीस शब्दांची यादी ताईंकडे पाठवली. प्रत्येक मुलाने एकट्याने, आई-बाबांना न विचारता, शब्द ऐकून जे सुचेल ते बोलून पाठवायचं. चुकलं तरी चालेल, उलट चुकाच मला हव्या होत्या.

त्या रेकॉर्डिंगांनी माझे डोळे उघडले. या मुलांची मराठी अर्धी होती, पण कशीही फाटलेली नव्हती. ती स्वयंपाकघराच्या आणि जिन्याच्या मराठीपुरती अखंड होती. थांब, ये, बघ, आत ये, हात धू, उभा राहा, वाट बघ : यात कोणीही अडखळलं नाही. ‘कंबर’ सगळ्यांना माहीत होती, आणि कशी, तर “कंबरेवर हात ठेवून काय उभा आहेस, ताट घे” या आईच्या वाक्यामुळे. विठोबाची मुद्रा त्यांना घरच्या बोलण्यातूनच पाठ होती. आम्ही तिला ‘कर कटी’ म्हणून त्यांच्यापासून दूर नेली होती.

न कळणाऱ्या शब्दांपेक्षा चुकीचे कळणारे शब्द जास्त घातक निघाले. ‘कर’ म्हणजे हात हे कोणालाच ठाऊक नव्हतं. सगळ्यांना तो ‘अभ्यास कर’मधला कर वाटला. ‘चरण’ एकाला मित्राचं नाव वाटलं. ‘माय’ म्हणजे इंग्रजीतलं ‘माझं’. आणि ‘वाट’ सुटी ऐकली की इंग्रजी ‘व्हॉट’, पण ‘वाट बघ’ असं जोडून ऐकलं की बरोबर अर्थ. पूर्ण अनोळखी शब्दावर मूल थांबतं आणि विचारतं. ओळखीच्या आवाजाच्या चुकीच्या शब्दावर ते थांबत नाही, मनातल्या मनात भलतंच वाक्य रचून पुढे जातं. म्हणून अशा गाण्याचे शब्द तपासताना ‘हा कठीण आहे का’ एवढंच बघून भागत नाही, ‘हा कशासारखा ऐकू येतो’ हेही बघावं लागतं.

यादी घेऊन मी सरांकडे गेलो. नौपाड्यात त्यांच्या घरी दोन संध्याकाळी बसलो. सरांनी पहिला अभंग बाजूला ठेवला. सांगायची गोष्ट एकच ठेवायची ठरली, पुंडलिकाची : देव दारात आला, मुलगा आई-वडिलांच्या सेवेत होता, त्याने वीट पुढे टाकली आणि थांबायला सांगितलं, आणि देव थांबला. अभंग असा झाला :

सावळा विठोबा । कंबरेला हात ।
उभा अंगणात । वाट बघे ॥

पुंडलिक म्हणे । थांब जरा देवा ।
मायबापसेवा । चालू आहे ॥

वीट दिली एक । बसायला नाही ।
बोलला न काही । उभा आहे ॥

‘वाट बघे’वर सरांचं आणि माझं थोडं वाजलं. त्यांना ‘वाट पाहे’ हवं होतं, आणि कानाला तेच बरं लागतं हे मलाही मान्य आहे. पण ‘पाहे’ अकरापैकी एकालाही कळलं नव्हतं आणि ‘बघ’ सगळ्यांना कळलं होतं. अक्षरं दोन्हीकडे चारच. शेवटी सर म्हणाले, “ध्रुवपदाचं शेवटचं चरण आहे, तेच कळलं नाही तर बाकीच्याचं काय लोणचं घालायचंय?” ‘मायबाप’ मात्र त्यांनी सोडला नाही. ‘माय’ ऐकून मुलं ‘माझा बाप’ समजतील, समजू देत, अर्थ फार दूर जात नाही, असं त्यांचं म्हणणं. ‘सेवा’ मुलांना देवळातल्या कामामुळे माहीत होता, फक्त तो घरात आई-बाबांनाही लागू होतो हे नवीन होतं. ‘चालू आहे’वर मंडळातल्या एका आजींनी नंतर नाक मुरडलं. मला ते सगळ्या अभंगातलं सर्वात खरं चरण वाटतं.

आता इंग्रजीचं काय? ती कुठे ठेवायची, हा या प्रकरणातला कळीचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर आपल्याच कीर्तनात पडलेलं होतं. वारकरी कीर्तनात बुवा अभंगाचं चरण घेतात, मग बोलून निरूपण करतात, आणि टाळकरी पुन्हा ध्रुवपद उचलतात. निरूपण ऐकणाऱ्याच्या बोलीत असतं, अभंग मात्र बदलत नाही. ऐकणाऱ्याला तो पहिल्यांदा ऐकताना अर्धाच कळलेला असतो, निरूपणानंतर तेच शब्द पुन्हा येतात तेव्हा पुरता कळतो. आम्ही इंग्रजीला ती निरूपणाची जागा दिली. त्यातून तीन गोष्टी ठरल्या. ध्रुवपदाचं भाषांतर कधीच करायचं नाही. इंग्रजी येईल ती मराठी ओळीच्या आधी, नंतर नाही. आणि इंग्रजीने मराठी ओळीचा पूर्ण अर्थ सांगायचा नाही, फक्त दार किलकिलं करायचं.

‘आधी’ का, ते थोडं उलगडून सांगतो. अर्थ नंतर आला तर मराठी ओळ ऐकताना मूल अंधारात असतं आणि उजेड पडेपर्यंत ओळ निघून गेलेली असते. अर्थाचा धागा आधी हाताशी आला तर मराठी ओळ आली की ते मूल तिच्यात ओळखीचे शब्द शोधायला लागतं. ‘थांब’ सापडतो, ‘देवा’ सापडतो. सापडण्यात जी मजा आहे ती भाषांतर ऐकण्यात नाही.

इंग्रजी ओळी लिहायला मी मुलांनाच सांगितलं. माझी पहिली ओळ होती ‘ही स्टँड्स अँड वेट्स फॉर यू’. सहा अवयव, म्हणजे उच्चाराचे सहा तुकडे, अगदी चरणाएवढे, आणि तरीही ती चालीवर चढेना. कारण आघात. मराठीत अभंग म्हणताना आपण अक्षरं मोजतो, कुठल्याही अक्षराला ताणलं तरी शब्द मोडत नाही. आमच्या चालीत सहा अक्षरांचं चरण आठ मात्रांच्या भजनी ठेक्यात असं बसतं : पहिली चार अक्षरं एकेक मात्रा, शेवटची दोन दोन-दोन मात्रा. म्हणजे ‘कं-ब-रे-ला’ भराभर आणि ‘हाऽ-तऽ’ ऐसपैस. सम, म्हणजे ठेक्याची पहिली, जोराची मात्रा, पहिल्या अक्षरावर. इंग्रजीत मात्र प्रत्येक शब्दाचा जोर ठरलेला असतो आणि तो जोराच्या मात्रेवर आला नाही तर शब्द परका वाटतो. माझ्या ओळीत जोर ‘स्टँड्स’, ‘वेट्स’ आणि ‘यू’वर होता, म्हणजे दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या अवयवावर. समेवर येऊन बसत होता बिचारा ‘ही’. गाताना मुलं आपोआप ‘ही’वर जोर देत आणि देवाऐवजी कुठल्यातरी पोराची तक्रार करतोय असं वाटे.

यावर दोन उपाय असतात. एक, ‘ही’ समेच्या आधीच्या मात्रेवरून उचलायचा, म्हणजे ‘स्टँड्स’ समेवर येतो. दुसरा, जोराच्या अवयवानेच सुरू होणारी ओळ शोधायची. मी पहिला करून बघत होतो तेवढ्यात पंधरा वर्षांच्या एका मुलीने विचारलं, “काका, अंगण म्हणजे ड्राइव्हवे ना?” आणि ओळ मिळाली : ‘वेटिंग इन द ड्राइव्हवे’. ‘वे’ समेवर, ‘ड्राइव्ह’ पाचव्या मात्रेवर लांब, शेवटचा ‘वे’ सातव्या मात्रेवर लांब. ‘कंबरेला हात’च्या मापात तंतोतंत. शिवाय देव पंढरपुरातून उठून त्यांच्या घरासमोर गाड्या लावायच्या जागेत येऊन उभा राहिला, हे माझ्याने सुचलं नसतं.

पुंडलिकाच्या कडव्यासाठी त्यांना विचारलं, आईने खालून हाक मारली की तुम्ही खोलीतून काय ओरडता? सगळे एकदम : “वन मिनिट!” तेच ठेवलं. चालीत नाही, नुसतं बोलून, एका मुलाच्या आवाजात, तंबोऱ्यावर. त्याच्या मागोमाग सगळ्यांनी ‘थांब जरा देवा’. तिसऱ्या कडव्याआधी ‘नो चेअर. जस्ट अ ब्रिक.’ बस्स. ‘वीट’ कोणालाच माहीत नव्हती, त्या एका शब्दासाठी एवढं पुरलं.

‘सावळा’चं मात्र इंग्रजी आम्ही केलं नाही, म्हणजे जमलंच नाही. ‘डार्क’ म्हटलं की मुलांच्या मनात रंगावरून होणाऱ्या बोलण्याचा सगळा पसारा येतो, ‘ब्लू’ म्हटलं की कृष्णाचं कॅलेंडर येतं. जूनमधल्या एका कॉलच्या वेळी दिवसभर पाऊस तुंबलेला होता. मी त्या संध्याकाळी उजेड असताना येऊरच्या डोंगरावरच्या आभाळाचं एक चित्रण फोनवर करून ठेवलं आणि रात्री त्यांना दाखवलं, म्हटलं, हा सावळा. त्यावर एक मुलगा बोलला ती ओळ गाण्याच्या अगदी सुरुवातीला आहे : ‘द कलर ऑफ द स्काय, जस्ट बिफोर इट रेन्स’. हे सावळ्याचं भाषांतर नाही. पण त्यानंतर ‘सावळा विठोबा’ म्हणताना एकाही फाइलीत आकृती बारीक झालेली नाही.

सुरांकडे वळतो. राग भूप निवडला, कारण पाचच स्वर, सा रे ग प ध, आणि न शिकलेल्या गळ्यालाही ते सापडतात. पट्टी ठरवायला जास्त वेळ गेला. मुलींना पेटीची काळी चार सोयीची, आवाज फुटलेल्या मुलांना काळी एक. दोन्ही एकदम शक्य नाही. चाल षड्जापासून धैवतापर्यंतच ठेवली, तार षड्जाला जाण्याचा मोह टाळला, आणि सा पांढरी दोनवर धरला. मुली त्या सप्तकात आणि मुलगे खालच्या सप्तकात, दोघांनाही ताण नाही. एका मुलाचा आवाज नेमका त्याच महिन्यात फुटत होता, त्याला टाळ दिले. तो सर्वात खूश होता.

गडबड झाली ती कीबोर्डवर. गटातली एक मुलगी चांगला पियानो वाजवते. तिने चालीखाली स्वरमेळ लावून पाठवले, तिच्या सवयीचे : सा, मध्यम आणि पंचम यांवर उभे राहणारे तीन. ऐकायला गोड, पण भूप कुठे गेला कळेना. कारण साधं आहे. मध्यमावरच्या मेळात म-ध-सा येतात, म भुपात नाही. पंचमावरच्या मेळात प-नी-रे येतात, नी भुपात नाही. गळा पाच स्वरांत आणि पेटी सात स्वरांत, अशी ओढाताण होते आणि ऐकणाऱ्याला वाटतं की चाल शाळेच्या प्रार्थनेसारखी झाली. तिला ‘चुकलं’ न म्हणता मी तिच्यापुढे कोडं ठेवलं : याच पाच पट्ट्यांमधून तीन-तीन स्वर उचलून मेळ बनव. तिने अर्ध्या तासात उत्तर पाठवलं. सा-ग-प आहे, ध-सा-ग आहे, आणि पंचमाच्या जागी नुसते प-रे, मधला स्वर काढून टाकलेला. एवढ्यावर सगळं गाणं उभं आहे. एकच सूचना मी जोडली, की ध-सा-गवर फार रेंगाळू नको. धैवताचं वजन वाढलं की भुपात देशकाराची, म्हणजे त्याच पाच स्वरांच्या दुसऱ्या रागाची, सावली येते. भुपाचा जीव गंधारात. तिला देशकार माहीत नव्हता, पण “इट साउंड्स सॅडर देअर” असं तिने आपणहून म्हटलं, म्हणजे कानाला कळलं होतं.

पखवाज ऐरोलीच्या एका बुवांचा. ते ट्रान्स हार्बर लोकलने पखवाज मांडीवर घेऊन आले, बाहेर पाऊस. दमट हवेत चामडं सैल पडतं. शाईच्या बाजूचा सूर लावून घेतला की वीस मिनिटांत उतरलेला असायचा. गठ्ठे ठोकायचे, डाव्या पुडीवरची कणीक ओली करायची, पुन्हा सुरू. शेजारच्या पत्र्यावर पावसाची सर आली की थांबायचं. दिवसभरात कामाचं चार मिनिटं चाळीस सेकंद हाती लागलं, गाण्याची लांबीही तेवढीच. बुवांनी एक मोलाचं सुचवलं : लय वाढते त्या शेवटच्या भागात इंग्रजी अजिबात नको. “धावत्या पावलीत निरूपण करतात का कोणी?” बरोबर होतं. वाढलेल्या लयीत इंग्रजीचे जोडव्यंजनांचे शब्द चघळल्यासारखे होतात. तिथे फक्त ‘विठ्ठल विठ्ठल’चा गजर ठेवला.

उच्चारांवर तीन रविवार गेले, त्यातलं दोन गोष्टींपुरतं सांगतो. मुलं मराठी रोमन लिपीतून वाचतात. त्यात टी-एच असं लिहिलं की ‘विठोबा’चा ठ जिभेच्या टोकावरचा, दातांमधून वारा सोडणारा होतो. म्हणून कागद दिलाच नाही, ऐकूनच शिकवलं. शेवटच्या आठवड्यात पाठांतरासाठी कागद दिला तोही त्यांच्याच हाताने लिहून घेतलेला, प्रत्येकाला जसा ऐकू आला तसा. ‘हात’चा त हाही असाच. बोलताना आपण तो ‘हात्’ म्हणतो, पण अभंगात त्याला स्वतःचं अक्षर आहे. रोमनमध्ये शेवटी ए लावला तर ‘हाता’ होतो, नाही लावला तर अक्षरच उडतं. ‘हाऽ’ ताणून सोडताना त हलकेच ठेवायचा, हे फक्त कानाने येतं. ‘सावळा’च्या ळसाठी त्यांच्याच अमेरिकन ‘र’चा उपयोग केला. ‘रन’ म्हणायला जीभ मागे वळते, तिथेच धरा, आणि तिथून पुढे झटका द्या. सगळ्यांना नाही, पण सात जणांना जमलं. सात ळ अकरांच्या घोळक्यात पुरतात.

दुसरी गोष्ट मी आधी हसण्यावारी नेली होती. तिसऱ्या कडव्याची सरांची मूळ ओळ ‘वीट एक दिली’ अशी होती. ताईंनी घाबरून फोन केला : “दादा, पोरं ‘वीड एक दिली’ म्हणतायत.” अमेरिकन बोलण्यात दोन स्वरांमध्ये अडकलेला ट मऊ होऊन ड-सारखा होतो, दोन शब्दांच्या सांध्यावरसुद्धा. ‘वीट’च्या ट-नंतर लगेच ‘एक’चा स्वर आल्यामुळे तो मऊ झाला, आणि ‘वीड’ म्हणजे तिकडे गांजा. विठोबाला पुंडलिकाने गांजा दिला, अशी ओळ दिंडीत जाणार होती. शिकवून सुधारेना, कारण ती चूक नाही, त्यांच्या जिभेची रीत आहे. सरांनी शब्दांची अदलाबदल केली : ‘वीट दिली एक’. ट-पुढे व्यंजन आलं, मऊ व्हायला जागाच उरली नाही. अक्षरं तेवढीच, एका मिनिटात काम झालं.

आता त्या कडव्याबद्दल जे गाण्यात नाही. सरांनी चौथं कडवं लिहिलं होतं आणि आम्हा मोठ्यांना तेच सर्वात आवडलं होतं :

दूर माझे घर । अर्धी माझी भाषा ।
कळेल ही आशा । विठोबाला ॥

मी वाचलं तेव्हा गळा दाटला होता. ताई तर रडल्याच. मुलांना अर्थ सांगितला आणि कॉलवर शांतता पसरली. मग ती पंधरा वर्षांची मुलगी, तीच ड्राइव्हवेवाली, म्हणाली की हे आम्ही म्हणणार नाही. का? तिचं उत्तर इंग्रजी-मराठीत मिसळलेलं होतं, सारांश असा : माझं घर दूर नाही, मी घरीच आहे, तुम्ही दूर आहात. आणि माझी भाषा अर्धी आहे हे मला सगळे सांगतात, ते मी देवाला कशाला सांगू?

मी काही बोललो नाही. सर तर कॉलवर नव्हतेच, त्यांना दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं. त्यांनी कागदावर त्या चार चरणांवर रेघ मारली आणि म्हणाले, “हे कडवं आपल्यासाठी होतं.”

पण मग गाणं संपवायचं कसं? तिसऱ्या कडव्यानंतर देव नुसता उभाच. मुलांनी विचारलं, इतका वेळ तो बाहेर उभा आहे, त्याला आत कोणीच का बोलवत नाही? त्यांच्याकडे पाहुणा आला की आई पहिलं वाक्य कोणतं म्हणते ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. ‘आत ये ना’. चार अक्षरं. ‘वाट बघे’च्या जागी अचूक बसतात.

बुवांना हे पटेना. विटेवरून उतरला तर तो विठोबा कसला, युगं अठ्ठावीस उभा आहे ते काय तुमच्या ड्राइव्हवेतून आत यायला? त्यांच्या म्हणण्यात जोर होता. तडजोड अशी झाली : गजर थांबतो, पखवाज थांबतो, कीबोर्ड थांबतो, फक्त तंबोरा राहतो. मुलं ध्रुवपद एकदाच, हळू, ‘आत ये ना’वर संपवून म्हणतात. दोन आवर्तनं काहीच नाही. मग बुवांची थाप पडते आणि मूळ ध्रुवपद परत येतं, ‘वाट बघे’सकट. म्हणजे बोलावलं सगळ्यांनी, आणि तो अजून उभाच.

मिश्रण करताना त्या शेवटच्या हळू ओळीत मला कोणाचाच आवाज वाढवावा लागला नाही. नऊ फाइलींत आकृती आधीपेक्षा जाड होती. दहाव्या मुलाने ‘आत ये ना’ म्हणताना माइकच तोंडाजवळ धरला होता, तो आवाज थोडा फाटला आहे, तसाच राहू दिला. अकरावा टाळ घेऊन उभा होता. त्या दोन आवर्तनांत त्याने टाळ वाजवायचे नव्हते, पण एकदा किणकिणले. बुवांनी ऐकलं आणि म्हणाले, “काढू नका.”